प्रभुभोजनापूर्वी



येत्या रविवारी आपण प्रभूच्या मेजाजवळ येऊ. बांधावरून, पाण्यावरून अबोला धरलेली घरे आपल्या मंडळीत आहेत, हे काही लपलेले नाही. कोणी म्हणतो, "भांडण मिटेपर्यंत मी भाकर घेणार नाही." ऐकायला हे नम्रतेचे वाटते, पण वर्षे जातात, भांडण तसेच राहते.

करिंथच्या मंडळीतही फूट होती. तिथे प्रभुभोजन पोटभर जेवणाबरोबर होत असे. सुखवस्तू लोक आधीच जेवून घेत आणि गरीब उपाशी राहत. पौलाने पहिल्या पत्राच्या ११व्या अध्यायात नेमके यावर बोट ठेवले. अयोग्य प्रकारे खाणे म्हणजे पापी माणसाने खाणे नव्हे. तसे असते तर मेजाजवळ कोण आले असते? शेजारी बसलेल्या भावाला न जुमानता खाणे, ते अयोग्य. आणि पौल दूर राहायला सांगत नाही. आधी स्वतःची परीक्षा करा, मग खा, एकमेकांसाठी थांबा, असे तो सांगतो.

ज्या रात्रीचे आपण स्मरण करतो, त्या रात्री मेजाशी यहूदा होता. पहाटेपूर्वी नाकारणारा पेत्रही होता.

शनिवारपर्यंत वेळ आहे. बांध कोणी कोरला ते सरकारी मोजणीत ठरेल. आपण रागात काय बोललो, ते मात्र आपल्याला ठाऊक आहे. तेवढ्याची क्षमा मागायला जा. समोरच्याने दार लावले, तर मंडळीतील एखाद्या वडिलांना सोबत घेऊन पुन्हा जा.