मैत्रिणीचा मोती गेला तेव्हा

सांत्वनपत्र म्हटले की पाठ असलेली वाक्ये आपल्या लेखणीतून उतरतात : "दुःखद वार्ता समजली. ईश्वर मृतात्म्यास शांती देवो." यात चूक काही नाही, पण ही वाक्ये कोणालाही लिहिता येतात. आपल्याला मैत्रिणीच्या मोतीविषयी लिहायचे आहे. म्हणून पत्रात आधी त्याचे नाव येऊ द्यावे, मग आपण स्वतः पाहिलेली त्याची एखादी आठवण. एकच पुरे.

समजा, बारा वर्षांचा मोती आजारी पडून गेला. आम्ही असे लिहू :

"प्रिय मेघना,
मोती गेल्याचं काल आईकडून कळलं. फार वाईट वाटलं. मी आले की तो माझी एक चप्पल पळवायचा आणि तू ओरडलीस की पायरीवर आणून ठेवायचा. आता तुमचं फाटक उघडताना तो आठवेल. उत्तर लिहायची घाई नको. रविवारी मी येते, बोलावंसं वाटलं तर बोलू.
तुझी,
सई"

"दुसरे पिल्लू आणा" असे लिहू नये. मेघनाला पिल्लू नको, मोती हवा आहे. "दवाखान्यात आधी न्यायला हवे होते का?" हेही नको. तिच्या घरची माणसे तेच स्वतःला रात्रभर विचारत असतात. ("कुत्राच तर होता" असे कोणी लिहील, हे आम्ही धरतच नाही!) आणि 'मेला' नव्हे, 'गेला' लिहावे, घरच्या माणसाविषयी आपण तसेच म्हणतो.

पत्र दोन-तीन दिवसांत हातात पडावे.