सवाईला जाताना : काय ऐकायचं आणि काय सोडायचं

सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव दर डिसेंबरात पुण्यात भरतो, बुधवार ते रविवार असे साधारण पाच दिवस. भीमसेन जोशींनी गुरू सवाई गंधर्वांच्या स्मृतीसाठी 1953 मध्ये तो सुरू केला. पहिल्यांदा जाणाऱ्याला वाटतं, तिकीट काढलं की पाचही दिवस बसायचं आणि येईल ते ऐकायचं. असं बसलेल्या माणसाचे कान तिसऱ्या संध्याकाळपर्यंत थकलेले असतात. चौथ्या दिवशी समोर कितीही मोठा गवई असला तरी ऐकणाऱ्याच्या मनात जेवणाचा विचार असतो. म्हणून सवाईची तयारी म्हणजे बऱ्याच अंशी काय सोडायचं हे ठरवणं.

पहिलं काम कार्यक्रमपत्रिका हातात येताच करायचं. पत्रिकेत त्या दिवसाची सुरुवातीची वेळ असते आणि पुढे कलाकारांचा क्रम. कोण किती वाजता बसेल हे बहुधा लिहिलेलं नसतं, ते आपणच काढायचं. बुधवार ते शुक्रवार सत्र दुपारी सुरू होऊन रात्री दहाला संपतं, कारण दहानंतर ध्वनिक्षेपक बंद करावे लागतात. शनिवारी मात्र मध्यरात्रीपर्यंत परवानगी मिळत आली आहे, आणि रविवार दुपारी बाराच्या सुमारास सुरू होतो. वेळा दरवर्षी थोड्या बदलतात, तेव्हा चालू वर्षाची पत्रिकाच प्रमाण माना. मांडव अलीकडे मुकुंदनगरला, महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर असतो. रमणबागेची आठवण सांगणारे भेटतील, पण रिक्षावाल्याला रमणबाग सांगू नका.

आता एक शनिवार हिशेबाला घेऊ. चार वाजता सुरुवात, बारा वाजता शेवट, म्हणजे 480 मिनिटं. पत्रिकेत पाच कलाकार आहेत असं धरा. दोन कलाकारांच्या मध्ये मंच बदलणं, तानपुरे आणि तबला लावणं, ध्वनी तपासणं यात पंधरा मिनिटं सहज जातात, म्हणजे चार वेळा मिळून तास गेला. एखादा सत्कार किंवा पुरस्कार असतोच, त्याला वीस मिनिटं धरा. उरलेल्या चारशे मिनिटांत प्रत्येकाच्या वाट्याला साधारण ऐंशी मिनिटं येतात. पहिला कलाकार बहुधा तरुण असतो आणि त्याला थोडं कमी मिळतं. मग चित्र असं दिसतं: पहिला चार ते सव्वापाच, दुसरा साडेपाच ते सातला दहा कमी, त्यानंतर सत्कार, तिसरा सुमारे सव्वासात-साडेसातला, चौथा नऊला आणि शेवटचा साडेदहाच्या पुढे. प्रत्यक्षात पंधरा-वीस मिनिटं इकडेतिकडे होतील. तेवढी चूक चालते.

हा हिशेब करायचा कारण वेळ कळली की राग कोणत्या घरातला असेल याचा अंदाज येतो. डिसेंबरात पुण्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. चार वाजता बसलेला गायक भीमपलासी, पटदीप, मुलतानी, मधुवंती यांतलं काहीतरी घेईल. साडेपाच-सहाला बसणाऱ्यापुढे मारवा, पूरिया, श्री, पूरिया धनाश्री हे संधिप्रकाश राग आहेत. साडेसातला यमन, शुद्ध कल्याण, भूप यांची वेळ. नऊनंतर बिहाग, बागेश्री, जोग. मालकंस, दरबारी, कौंसी कानडा यांना खरी मोकळी जागा शनिवारी साडेदहानंतरच मिळते, कारण इतर दिवशी दहाला सगळं थांबतं. कलाकार वेळेबाहेरचा राग क्वचित घेतात, पण अपवाद धरून आखणी करता येत नाही.

यातून दोन गोष्टी निघतात. ज्याला रात्रीचे गंभीर राग हवेत त्याने एकच दिवस काढायचा झाला तरी शनिवार काढावा. आणि रविवारी दुपारी लवकर पोहोचावं, कारण वृंदावनी सारंग, शुद्ध सारंग, गौड सारंग हे भर दुपारचे राग एरवीच्या मैफलींत फारसे कानी पडत नाहीत; मैफली संध्याकाळी होतात आणि सारंग घरीच राहतो. बहुतेक लोक रविवारी जेवून, वामकुक्षी घेऊन तीनला येतात. त्यांचा सारंग जातो आणि तुम्हाला पुढची जागा मिळते. तोडी, ललत, भैरव ऐकायचेच असतील तर सकाळची वेगळी मैफल शोधा, या पाच दिवसांच्या वेळेत ते बसत नाहीत.

पुढचं काम निवडीचं. माझा नियम सोपा आहे: एका दिवशी दोन बैठका पूर्ण लक्ष देऊन, एक सैल, आणि उरलेल्यांपैकी निदान एक सोडून द्यायची. वरच्या शनिवारात मी दुसरी आणि पाचवी निवडेन. दुसरी संधिप्रकाशाची, आणि पाचवी जिच्यासाठी आपण रात्री थांबणार आहोत ती. पहिल्या तरुण कलाकाराला सैल ऐकावं. त्यात पुष्कळदा चांगला धक्का बसतो, आणि बसला नाही तरी कान मांडवाला रुळतात. तिसऱ्या वेळी बाहेर पडून जेवायचं. चौथी अंगात असेल तर.

निवडताना नावाइतकाच क्रम पाहावा. जयपूर-अत्रौलीचा गायक अनवट किंवा जोडराग घेऊन बसला की ऐकणाऱ्याला स्वरांची वळणं धरून ठेवावी लागतात. लगेच तशाच पेचदार गाण्याला बसलं की दुसऱ्याचा राग अर्धाच कळतो. त्याच्या मागोमाग किराण्याची संथ आलापी किंवा सतार, संतूर असं वाद्य असेल तर कान सावरतात. वाद्याच्या बाबतीत एक ध्यानात ठेवा: तबला सुरू होण्याआधीचे आलाप आणि जोड हा त्या वादनाचा गाभा असतो, त्याला वीस-तीस मिनिटं लागतात. तबला लागला की जाऊ, असं म्हणून भज्यांच्या रांगेत उभे राहणारे नेमके ते गमावतात.

ख्यालाच्या बैठकीचं वळणही माहीत असू द्या. ऐंशी मिनिटांत साधारण निम्मा वेळ विलंबित ख्यालाला जातो, मग द्रुत, मग एखादा छोटा राग, आणि शेवटी ठुमरी, नाट्यगीत किंवा अभंग. सगळ्यात जास्त लक्ष पहिल्या अर्ध्या तासात लागतं, कारण तेव्हा राग एकेका स्वराने उभा राहत असतो. ते सोडून शेवटच्या अभंगाला टाळ्या वाजवायला आलेला माणूस गाणं ऐकून गेला असं मी म्हणणार नाही. उठायचं झालं तर द्रुत संपून टाळ्या पडतात तेव्हा उठावं. आलापात रांगेतून वाट काढणं मागच्या पन्नास जणांना त्रासाचं होतं.

आता बसण्याचं. तिकीट खुर्चीचं की भारतीय बैठकीचं, हे पाठीला विचारून ठरवा. भारतीय बैठक स्वस्त आणि जास्त रंगतदार, पण सहा-सात तास मांडी घालून बसायची सवय आता किती जणांना आहे? गुडघे दुखत असतील तर खुर्ची घ्या, लाज नको. जमिनीवर बसणार असाल तर घडी घालता येईल अशी गादी किंवा जाड उशी न्या. ती मांडीखाली सपाट न ठेवता मागच्या बाजूला सरकवून बसावं, म्हणजे कंबर गुडघ्यांपेक्षा उंच राहते आणि पायाला मुंग्या उशिरा येतात. जागा मध्यरेषेच्या जवळ आणि ध्वनिक्षेपकांच्या खांबापासून लांब धरा. खांबासमोर बसलेल्याला तबला मोठा आणि तानपुरा गायब असं ऐकू येतं, आणि दोन तासांत डोकं जड होतं. मांडव उघड्या मैदानावर असतो. दुपारी चारला स्वेटर ओझं वाटतो, रात्री नऊनंतर जमिनीतून गारवा चढतो. शाल, कानटोपी आणि पायमोजे पिशवीत असू द्या.

खाणं थोडं आणि लवकर. वडे, भजी, चहा तिथे मिळतं, आणि तो सवाईचा एक भागच आहे. पण शेवटच्या बैठकीच्या आधी भरपेट जेवलं की विलंबितात झोप ठरलेली. सातच्या सुमारास पोळीभाजी किंवा तसंच काही खावं, नऊला फक्त चहा. पाणी घोटघोट प्यावं.

कान थकल्याची खूण ओळखता यायला हवी, कारण थकवा कंटाळ्याच्या वेशात येतो. गायक वाईट गातोय असं वाटू लागतं. सगळ्या ताना एकसारख्या वाटतात, सम कुठे आली ते चुकतं, हात नकळत फोनकडे जातो. अशा वेळी कलाकाराबद्दल मत बनवू नका. टाळ्या पडताच बाहेर या, ध्वनिक्षेपकाच्या टप्प्याबाहेर वीस मिनिटं चाला, आणि आत्ताच ऐकलेल्या गाण्यावर कुणाशी वाद घालू नका. परत येऊन पहिल्या पाच मिनिटांत तानपुरा वेगळा ऐकू आला तर थांबा. नाही आला तर सरळ घर गाठा. तिकिटाचे पैसे वसूल करायला बसून राहणं हा पुणेरी हिशेब इथे तोट्याचा ठरतो. घरी जातानाही त्याच रागाची ध्वनिमुद्रणं कानात लावू नयेत.

सलग दिवसांमध्येही एक हलका ठेवा. नोकरी करणाऱ्याला मी गुरुवार अर्धा, शुक्रवार सुट्टी, शनिवार आणि रविवार पूर्ण असं सुचवतो. शुक्रवारी सकाळी उत्साह असेलच तर शिवाजीनगरच्या सवाई गंधर्व स्मारकात महोत्सवाला जोडून लघुपट आणि कलाकारांच्या मुलाखती होतात, तिथे जावं. तिथे नुसतं बघायचं, बोलणं ऐकायचं. कानांवर ताण नाही. एक छोटी वही ठेवा आणि प्रत्येक बैठकीनंतर राग, ताल आणि लक्षात राहिलेली एक जागा एवढंच लिहा. रागाचं नाव कळलं नाही तर शेजारच्या आजोबांना विचारा, पण बैठक संपल्यावर.

बाहेरगावहून येणाऱ्यांसाठी मांडव स्वारगेट एसटी स्थानकापासून जवळ आहे, त्यामुळे राहण्याची सोय त्याच भागात बघावी. दहा वाजता हजारो लोक एकदम बाहेर पडतात आणि दाराशी रिक्षा मिळत नाही. स्वारगेटच्या दिशेने चालत निघालेलं बरं. शनिवारी मध्यरात्रीच्या परतीची सोय मात्र दुपारीच करून ठेवा. आणि रविवारची रात्रीची गाडी अकराच्या आधीची घेऊ नका: शेवटच्या कलाकारानंतर सवाई गंधर्वांच्या गाण्याची ध्वनिमुद्रिका लावून महोत्सव संपवण्याची प्रथा आहे, आणि तोवर लोक जागेवरून हलत नाहीत.