लाइट गेले, प्रिंट अर्धी राहिली: वाचवायला किती खर्च येतो?

गणपतीच्या मखरासाठी एक जाळीदार खांब छापायचा होता. उंची 120 मिलिमीटर, थर 0.2 चा, 210 ग्रॅम पीएलए आणि 14 तासांचं काम. पुण्यात देखभालीसाठी वीज बंद ठेवतात ती बहुधा गुरुवारी. मी बुधवारी रात्री साडेदहाला प्रिंट लावली आणि गुरुवारी सकाळी 9 वाजून 20 मिनिटांनी लाइट गेले. दुपारी तीनला आले तेव्हा प्रिंटरच्या पडद्यावर प्रश्न होता, प्रिंट पुढे चालू करायची का? मी ‘हो’ म्हटलं. नोझल तापलं, खांबापाशी आलं आणि त्याच्या पहिल्याच फटक्याला अख्खा खांब बेडवरून सरकला.

पैशांत बघितलं तर नुकसान फार नव्हतं. तोवर साधारण 160 ग्रॅम फिलामेंट गेलं होतं, म्हणजे हजार रुपये किलोच्या भावाने 160 रुपये, आणि सव्वा युनिटच्या आसपास वीज. खरी किंमत होती त्या अकरा तासांची. म्हणून कुठल्या उपायावर किती खर्च करायचा, हे ठरवताना आपल्याकडे किती वेळ वीज जाते आणि आपल्या प्रिंट किती लांबीच्या असतात, एवढंच विचारात घ्यावं.

पहिला उपाय फुकट आहे. मार्लिन फर्मवेअरच्या बऱ्याच प्रिंटरमध्ये वीज गेल्यावर प्रिंट पुढे नेण्याची सोय असते, पण ती चालू आहे का, हे तपासावं लागतं. मेनूमध्ये ती सापडली नाही, तर प्रिंटर संगणकाला जोडून नुसतं M413 पाठवावं, उत्तर मिळतं. बंद असेल तर:

```
M413 S1
M500
```

पहिली ओळ सोय चालू करते, दुसरी ती कायमची साठवते. उत्तरात ‘Unknown command’ आलं, तर तुमच्या फर्मवेअरमध्ये ही सोय घातलेली नाही असं समजावं. आणखी एक अट आहे. फाइल प्रिंटरमधल्या कार्डावरून चालत असेल तरच ही सोय कामाला येते. ऑक्टोप्रिंट किंवा संगणकावरून जी-कोड पाठवत असाल, तर प्रिंटरजवळ पुढचं काहीच नसतं.

ही सोय काय करते, हे कळलं की तिच्या मर्यादाही कळतात. साधारणपणे नवा थर सुरू झाला की प्रिंटर कार्डावर नोंद करतो. वीज थराच्या मध्यात गेली, तर परत आल्यावर तो थर सुरुवातीपासून छापला जातो, म्हणजे अर्ध्या थरावर दुसरा थर बसतो आणि तिथे बोटाला लागेल अशी कड उमटते. शिवाय वीज गेली तेव्हा नोझल प्लास्टिकवरच टेकलेलं असतं, त्याखाली एक गाठ तयार होते. या दोन्ही खुणा चालवून घेता येतात. चालत नाही ती तिसरी गोष्ट, बेड थंड होणं. काच किंवा पीईआय पत्र्यावर पीएलए 60 अंशाला घट्ट बसतं आणि बेड गार झाला की आपोआप सुटतं. प्रिंट सहज निघावी म्हणून आपल्याला आवडणारा हा गुण इथे आपल्या विरोधात जातो.

म्हणून ‘हो’ म्हणण्याआधी वस्तूला तळाशी बोटाने हलकेच ढकलून पाहावं. जराही हलली, तर पुढे नेऊ नये. अर्धा मिलिमीटर सरकलेली वस्तू छापून होईल, पण मध्येच पायरी पडलेली निघेल. लांबच्या प्रिंटला आठ-दहा मिलिमीटरचा ब्रिम आणि बेडवर डिंकाच्या कांडीचा एक हात द्यावा. वीज जाण्याची वाट न पाहता 20 मिलिमीटरचा ठोकळा लावून मध्येच बटण बंद करून पाहावं. खर्च पाच-सहा रुपयांचा, आणि आपला प्रिंटर संकटात काय करतो हे कळतं.

आता पैसे लागणारा उपाय. संगणकाचा 600 व्हीएचा यूपीएस तीन हजारांच्या आसपास मिळतो. तो साधारण 360 वॅट पेलतो. माझ्या 24 व्होल्टच्या, 22 सेंटिमीटर बेडच्या प्रिंटरला बेड गरम होताना अडीचशेच्या वर वॅट लागतात, पण एकदा तापल्यावर सरासरी 120. आत 12 व्होल्ट 7 अँपिअर-तासांची बॅटरी असते, कागदावर 84 वॅट-तास. प्रत्यक्षात इतक्या जोरात खेचल्यावर त्यातली निम्मीच हाती लागते. माझ्याकडे नवा असताना तो 17 मिनिटं चालला, दीड वर्षानंतर 9. दोन-तीन वर्षांनी बॅटरी बदलायला हजारभर रुपये धरून ठेवावेत.

म्हणजे हा यूपीएस झटक्यांसाठी आहे, गुरुवारसाठी नाही. पावसाळ्यात दोन सेकंद लाइट जाऊन येतात, तेवढ्यानेही प्रिंट मरते, आणि त्यावर तो पुरेपूर उपाय आहे. पाच मिनिटांत वीज आली नाही, तर मात्र स्वतः उठून प्रिंट ‘पॉज’ करावी. नोझल वर उचललं जाऊन बाजूला थांबतं, गाठ होत नाही. यूपीएसच्या मागे काही सॉकेट फक्त व्होल्टेजच्या झटक्यापासून संरक्षण देणारे असतात, प्रिंटर त्यात लावला तर बॅटरीचा काही उपयोग नाही. ज्यांचा बेड थेट 230 व्होल्टवर तापतो, त्यांनी आधी वॅटमीटर लावून आकडा पाहावा. अशा काही प्रिंटरना तापताना हजार वॅट लागतात आणि छोटा यूपीएस तिथेच बंद पडतो.

घरात 150 अँपिअर-तासांच्या बॅटरीचा इन्व्हर्टर असेल, तर वेगळा यूपीएस घेण्याआधी त्याच्या मागचं बटण पाहा. बऱ्याच इन्व्हर्टरना ‘यूपीएस मोड’ असतो, त्यात बदल काही मिलिसेकंदांत होतो आणि प्रिंटरला कळतही नाही. 120 वॅटवर तो माझ्या गुरुवारसारखे पाच-सहा तास नीट निभावतो. यासाठी मुद्दाम वीस हजारांचा इन्व्हर्टर घेणं मात्र महिन्याला दोन-चार मोठ्या ऑर्डर असल्याशिवाय परवडत नाही.

फिलामेंट संपल्याचा सेन्सर 200 ते 400 रुपयांना मिळतो. वीज जाण्याशी त्याचा संबंध नाही, पण रात्रीच्या लांब प्रिंटला दोन्ही लागतात. M412 S1 ने तो चालू होतो. फिलामेंट संपलं की प्रिंटर थांबतो, बेड गरमच राहतो, त्यामुळे ही अडचण वीज जाण्यापेक्षा पुष्कळ सोपी. सेन्सर एकाच जागी फसतो. काही रिळांत शेवटचं टोक आत अडकवलेलं असतं. ते सुटत नाही, सेन्सरला फिलामेंट दिसत राहतं आणि नोझल हवेत फिरतं. नवं रीळ आलं की आतलं टोक मोकळं आहे का, तेवढं पाहून घ्यावं.

त्या खांबाचं काय झालं? व्हर्नियरने मोजला, 92.6 मिलिमीटर. काचेवर 120 नंबरचा पॉलिश पेपर ठेवून वरची गाठ घासली आणि 92.4 वर सपाट केला. स्लायसरमध्ये मूळ मॉडेल त्याच उंचीवर कापलं आणि वरचा 27.6 मिलिमीटरचा तुकडा सव्वातीन तासांत छापला. फेविक्विकच्या दोन थेंबांनी जोडला. सांधा जाळीच्या आडव्या पट्टीवर आला. तो तिथे आला नसता, तर एक-दोन मिलिमीटर आणखी घासून मी तो तिथेच आणला असता.