३.४ फेसबुक समूह : प्रवेश, नियम आणि अधिकारविभागणी

एका कल्पित वाचनसमूहाचे उदाहरण घेऊ. सभासदत्व देण्यापूर्वी प्रशासकाला, म्हणजेच ॲडमिनला, अर्जदारास तीनपर्यंत प्रश्न विचारता येतात. ‘नुकतेच कोणते पुस्तक वाचले?’ या प्रश्नाचे उत्तर जाहिरातदार बहुधा कोरे सोडतो. मात्र उत्तरे न वाचताच मंजुरी दिली, तर ही चाळणी निरुपयोगी ठरते.

लेखनाचे नियमही तपासता येतील असे असावेत. ‘चांगले लिहा’ हा नियम लागू करणे कठीण. ‘पुस्तकविक्रीची जाहिरात फक्त रविवारी’ हा सोपा. प्रत्येक नोंद प्रसिद्धीपूर्वी तपासण्याची सोयही आहे. परंतु तपासणारे अपुरे असल्यास नोंदी तुंबतात आणि चर्चा थंडावते.

हा भार वाटून घेण्यासाठी नियामक, म्हणजेच मॉडरेटर, नेमतात. तो अर्ज व नोंदी मंजूर करतो, नियमबाह्य मजकूर काढतो. परंतु समूहाच्या सेटिंग्ज बदलणे आणि नवे नियामक नेमणे हे अधिकार प्रशासकाचेच असतात. एकमेव प्रशासकाचे खाते हातचे गेल्यास दैनंदिन काम चालते, पण कोणालाही नव्याने नेमता येत नाही. म्हणून विश्वासू असा दुसरा प्रशासक आरंभीच नेमावा.

स्वाध्याय : प्रशासक व नियामक यांच्या अधिकारांतील फरक सोदाहरण स्पष्ट करा.