पाण्यावर जळणारी आग

आगीच्या अस्त्राचे भय सैनिकांना एवढे का वाटे, याचे उत्तर मला इ. स. 941 च्या एका लढाईत सापडते. रुस लोकांचा राजा ईगोर मोठे आरमार घेऊन कॉन्स्टँटिनोपलवर चालून आला. बायझंटाईन आरमार तेव्हा दूर होते. म्हणून सुमारे 15 जुनी जहाजे दुरुस्त करून त्यांच्या पुढे, मागे व दोन्ही बाजूंना नळ्या बसविण्यात आल्या. त्यांतून पेटता द्रव शत्रूवर फेकला गेला. त्याची कृती गुप्त होती. परंतु त्यात नाफ्था, म्हणजे कच्चे खनिज तेल, असावे असे अभ्यासक मानतात. तेल पाण्याहून हलके, त्यामुळे ते लाटांवरही जळत राही. भयभीत सैनिकांनी समुद्रात उड्या घेतल्या. चिलखताच्या भाराने काही बुडाले, काही पोहता पोहता होरपळले.

मात्र हा मारा जवळचाच असे आणि त्याला वारा पडलेला लागे. त्या दिवशी समुद्र शांत होता. जे वाचले, ते मोठी जहाजे पोहोचू शकत नाहीत अशा उथळ पाण्यात शिरून.

1942 मध्ये हार्वर्ड विद्यापीठात लुई फायझर यांच्या गटाने पेट्रोल दाट करून नापाम बनविले. ते अंगाला चिकटून जळते. तलवारीचा वार ढालीवर घेता येतो. ही आग मात्र झटकताही येत नाही. माझ्या मते सैनिकांच्या भयाचे मूळ यातच आहे.