दुखवट्याच्या ठरावातील शब्द

मोठा अपघात घडला किंवा महापूर आला म्हणजे देवस्थानच्या समितीची सभा तातडीने बोलाविली जाते, दुखवट्याचा ठराव संमत होतो आणि त्याची प्रत आपद्ग्रस्त कुटुंबांकडे पाठविली जाते. असा ठराव बहुधा घाईत लिहिला जातो. लिहिणाऱ्याचा हेतू शुद्ध असतो. परंतु जे अद्याप कोणासच ठाऊक नाही ते कळत नकळत त्याच्या लेखणीतून उतरते, आणि ज्यांचे सांत्वन करावयाचे त्यांनाच त्याचा चटका बसतो. हे कसे घडते आणि कसे टाळावे, याचा विचार आम्ही येथे एका प्रत्यक्ष घटनेच्या आधारे करणार आहोत.

दि. २ ऑगस्ट २०१६ रोजी, मंगळवारी, रात्री मुंबई–गोवा महामार्गावर महाडजवळ सावित्री नदीवरील ब्रिटिश काळातील दगडी पूल कोसळला. नदीस मोठा पूर होता. एस. टी. च्या दोन गाड्या आणि काही खासगी वाहने प्रवाशांसह वाहून गेली. सावित्री महाबळेश्वराच्या डोंगरात उगम पावते व पुढे खाडीवाटे समुद्रास मिळते; त्यामुळे पुढील काही दिवसांत मृतदेह पुलापासून कित्येक मैल दूर, खाडीत व समुद्रकिनारी, एकेक करून सापडत गेले. गाड्यांचे सांगाडे हाती येण्यास तर आठवड्याहून अधिक काळ लागला. कोकणातील व गोव्यातील कुटुंबांचा हा नित्याचा रस्ता असल्यामुळे त्या दिवसांत अनेक घरांत कोणी ना कोणी वाटेकडे डोळे लावून बसले होते.

आता अशी कल्पना करू, की दुर्घटनेनंतर तिसऱ्या दिवशी एका देवस्थानची सभा भरली आणि चिटणिसांनी पुढील मसुदा वाचून दाखविला :

“मंगळवारी रात्री सावित्री नदीवरील जीर्ण पूल कोसळून गाढ झोपेत असलेल्या २२ प्रवाशांवर काळाने घाला घातला. प्रशासनाच्या अक्षम्य हलगर्जीपणाचे हे बळी होत. ईश्वरेच्छेपुढे कोणाचा इलाज चालत नाही. मृतात्म्यांस सद्गती लाभो.”

मसुदा कानास गोड लागतो आणि आपल्या भाषेच्या रूढीस धरूनही आहे. मात्र त्यातील प्रत्येक वाक्यास आपण एकच प्रश्न विचारू : ही गोष्ट आज, या घटकेस, कोणास निश्चित ठाऊक आहे काय?

प्रथम आकडा घेऊ. आरंभी दोन्ही गाड्यांतील मिळून सुमारे २२ माणसे बेपत्ता असल्याचे सांगितले जात होते. हा आकडा मृतांचा नव्हता, बेपत्तांचा होता, आणि खासगी वाहनांतील माणसांचा हिशेब लागत गेला तसा तो वाढतही गेला. गाडीत वाटेत चढलेले व वाटेत उतरलेले प्रवासी कोण, हे पहिल्या दिवसांत कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. म्हणून ठरावात आकडा घालूच नये, हे उत्तम. घालावयाचाच झाल्यास तो कोणी दिला व कोणत्या तारखेस दिला हे त्याच वाक्यात लिहावे. नाहीतर आठवड्याने तो ठराव वाचणाऱ्या ज्या घरचा माणूस त्या बावीसांत मोजलाच गेला नव्हता, त्या घरास आपण जणू वगळले असे होईल.

दुसरी बाब आकड्याहून नाजूक आहे. ज्याचा शोध लागलेला नाही तो मृत, असे आपण परस्पर ठरवून टाकतो. त्याच्या घरी मात्र अद्याप दारात दिवा असतो. त्याच्या नावामागे ‘कै.’ लावणे आणि त्याच्या पत्नीस पाठविलेल्या पत्रावर ‘सौ.’ ऐवजी ‘गं. भा.’ लिहिणे, म्हणजे दोन अक्षरांनी तिच्या आशेचा शेवट करणे होय. तो अधिकार आपणास कोणी दिलेला नाही. कायदादेखील याबाबतीत घाई करीत नाही. ज्याची खबर ज्यांस मिळावयास हवी होती त्यांसच सात वर्षे मिळाली नाही, तो हयात नसावा असे आपल्या साक्षीपुराव्याच्या कायद्यात गृहीत धरले जाते; त्यापूर्वी मृत्यूची नोंद करावयाची तर पुरावा किंवा सरकारी चौकशी लागते. तेव्हा ठरावात दोन वाक्ये स्वतंत्र असावीत : ज्यांचा मृत्यू निश्चित झाला त्यांच्याविषयी एक आणि ज्यांचा शोध चालू आहे त्यांच्याविषयी दुसरे. पत्राच्या पत्त्यावर कोणतीही उपाधी न लावता ‘श्रीमती’ लिहावे. सभेतही हाच विवेक पाळावा. उभे राहून मौन पाळावयाचे ते मृतांसाठी. बेपत्तांसाठी देवापुढे प्रार्थना करावी, आणि हा भेद अध्यक्षांनी मोठ्याने सांगावा.

‘गाढ झोपेत असलेल्या’ हे शब्द केवळ वर्णनाच्या ओघात येतात. वेळ रात्रीची, म्हणून प्रवासी झोपले असतील, हा तर्क झाला. कोणी जागे होते काय, कोणी हाक मारली काय, हे आपण जाणत नाही. शेवटच्या क्षणांविषयी आप्तेष्ट मनातल्या मनात अहोरात्र विचार करीत असतात; तेथे आपण रचलेले चित्र त्यांच्या हाती देऊ नये. ‘त्यांना काहीच कळले नसेल’ हे दिलासा देण्याकरिता म्हटले जाते, पण तेही त्याच जातीचे आहे.

आता कारणांकडे वळू. मसुद्यात कारणे दोन दिली आहेत, आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत. एका वाक्यात प्रशासनास दोषी ठरविले, तर लगेच पुढच्या वाक्यात तोच भार ईश्वरावर टाकला. पहिल्या वाक्यातील चूक सहज ध्यानात येते : चौकशी होण्यापूर्वीच निर्णय दिला गेला. ‘जीर्ण’ हा एक शब्दही त्याच निर्णयाचा भाग आहे. पूल ब्रिटिश काळातील होता, ही वस्तुस्थिती. तो जीर्ण झाला होता आणि म्हणूनच कोसळला, हा निष्कर्ष. वस्तुस्थिती लिहावी, निष्कर्ष जाणकारांवर सोपवावा. रस्त्यावरील अपघातात ही चूक अधिक क्रूर होते, कारण तेथे बोट बहुधा चालकाकडे वळते, आणि चालकाच्या घरीही तितकाच आकांत चाललेला असतो.

दुसऱ्या वाक्यातील चूक मात्र सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. ‘ईश्वरेच्छा बलीयसी’ हे वचन आपल्याकडे वृद्धापकाळच्या किंवा दीर्घ आजारातील मृत्यूनंतर सर्रास लिहितात, आणि तेथे ते शोभते. सार्वजनिक दुर्घटनेत तेच वचन वेगळे बोलू लागते. पूल का पडला, धरण का फुटले, पुराची सूचना वेळेवर का मिळाली नाही, हे प्रश्न उभे असताना देवस्थानने ‘ही देवाची इच्छा’ असे म्हणणे म्हणजे त्या प्रश्नांवर पडदा टाकणे होय. ‘निसर्गाचा कोप’ या शब्दांचेही तसेच आहे. ते ऐकावयास निरुपद्रवी वाटतात, पण त्यांत कोणाचाही दोष नाही असा निकाल दडलेला असतो. तर्क टाळावयाचा म्हणजे आरोप जसा टाळावयाचा, तशी निर्दोष मुक्तताही टाळावयाची. पूर्वसंचित, ग्रहदशा किंवा अमुक विधी चुकल्याचा परिणाम, यांचा उल्लेख तर कटाक्षाने वगळावा.

याचा अर्थ देवस्थानने जबाबदारीच्या प्रश्नावर तोंड मिटून बसावे, असा नाही. चौकशी व्हावी व तिचा अहवाल लोकांपुढे यावा, अशी मागणी सभेस करता येते. मात्र ती वेगळ्या ठरावाने करावी आणि वेगळ्या पत्राने सरकारकडे पाठवावी. सांत्वनाच्या कागदावर तक्रार लिहिली, की वाचणाऱ्या घरास वाटते, आपल्या दुःखाचा दाखला म्हणून उपयोग झाला.

राहता राहिली ‘सद्गती’. एस. टी. च्या गाडीत सर्व धर्मांची माणसे बसतात. ज्यांचा धर्म आपणास ठाऊक नाही त्यांच्या परलोकाविषयी आपल्या परिभाषेत बोलण्यापेक्षा, प्रार्थना करणारे आम्ही कोण आहोत एवढे सांगणे बरे. ‘आम्ही देवाच्या चरणी प्रार्थना करतो’ असे म्हटल्याने आपली श्रद्धाही राहते आणि ऐकणाराची त्याच्यापाशी राहते.

या विचारांनी तोच मसुदा सुधारला, तर तो असा होतो :

“दि. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील पूल कोसळून एस. टी. च्या दोन गाड्या व काही खासगी वाहने प्रवाशांसह पुरात वाहून गेली. या दुर्घटनेत ज्यांचा मृत्यू झाला त्यांच्या कुटुंबीयांच्या दुःखात ही सभा सहभागी आहे. ज्यांचा शोध अद्याप लागलेला नाही त्यांच्या घरच्या मंडळींची काळजी ती आमचीही काळजी आहे. त्यांच्यासाठी आम्ही देवाच्या चरणी प्रार्थना करतो. शोधकार्यात गुंतलेले जवान, पोलीस व ग्रामस्थ यांचे ही सभा आभार मानते. शोधासाठी आलेल्या आप्तेष्टांस राहण्याची व भोजनाची सोय देवस्थानच्या धर्मशाळेत शोध संपेपर्यंत विनामूल्य मिळेल.”

शेवटचे वाक्य सभेने तसा निर्णय खरोखर घेतला असेल तरच घालावे. ‘सर्वतोपरी साहाय्य करू’ या मोघम आश्वासनापेक्षा एक खोली व दोन वेळचे जेवण यांचा स्पष्ट उल्लेख अधिक उपयोगी पडतो. निर्णय झाला नसेल तर ते वाक्य गाळावे. ठराव त्यावाचून अपुरा राहत नाही.

ठरावावर तारीख असावी, कारण तो त्या दिवसापुरताच खरा असतो. पुढे बेपत्ता माणसाचा देह सापडला, तर जुना ठराव खोडून दुरुस्त करू नये. त्या घरी कोणीतरी समक्ष जावे आणि चार ओळींचे नवे पत्र द्यावे. आपल्या सभासद कुटुंबांपैकी कोणावर हा प्रसंग आलाच, तर पत्र कसे लिहावे असे आम्हांस पुष्कळजण विचारतात. “आपल्या घरची वार्ता कळली. आम्ही आपल्यासोबत आहोत. उद्या सकाळी येतो,” एवढे लिहावे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खरोखरच जावे. तेथे गेल्यावर अपघात कसा झाला असेल याची चर्चा ओसरीवरही करू नये. आतल्या खोलीत ती ऐकू जाते.