मागच्या सीटवर कोण बसतं?

तळेगाव, वडगाव, कामशेत, लोणावळा या पट्ट्यातल्या घरांत गाडीत बसण्याची पद्धत ठरलेली असते. बाबा चालवतात, पुढं पाहुणा नाहीतर घरातलं मोठं माणूस, आणि आई, आजी, मुलं मागं. शनिवारी एकविरेला निघालो, पावसात भुशीकडं वळलो, पवनानगरला जेवायला गेलो, तरी बसण्याचा क्रम तोच. म्हणजे घरातली सगळ्यात लहान, सगळ्यात नाजूक माणसं मागं असतात, आणि बेल्ट मात्र पुढचे दोघंच लावतात. मागं बसलं की समोर सीटची पाठ असते, काच लांब असते, म्हणून आपण सुरक्षित आहोत असं वाटतं. आज मला तुमच्याशी याच समजुतीबद्दल बोलायचं आहे.

3 जून 2014 ची सकाळ महाराष्ट्र विसरलेला नाही. गोपीनाथ मुंडे दिल्लीत विमानतळाकडं निघाले होते, मागच्या सीटवर बसले होते. चौकात दुसरी गाडी त्यांच्या गाडीवर आदळली. जागा शहरातली होती, महामार्ग नव्हता. गाडीचा चुराडा झालेला नव्हता, अंगावर मोठी जखमही दिसत नव्हती. आत मात्र मानेच्या मणक्यांना आणि यकृताला जबर इजा झाली होती. तेव्हाचे आरोग्यमंत्री हर्षवर्धन स्वतः डॉक्टर. मागच्या सीटवर बेल्ट लावला असता तर ते वाचले असते, असं त्यांनी तेव्हाच सांगितलं. पुढं 4 सप्टेंबर 2022 ला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ, सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री यांची गाडी कठड्याला धडकली. गाडी भारी, एअरबॅगही होत्या. पुढचे दोघं गंभीर जखमी झाले, पण जगले. मागचे दोघं गेले, आणि त्यांनी बेल्ट लावलेले नव्हते असं पोलिसांनी सांगितलं.

धडकेत नेमकं काय होतं ते बघा. गाडी थांबते, पण तुमचं शरीर आधीच्याच वेगानं पुढं जात राहतं. 50 किलोमीटरच्या वेगानं जाणारी गाडी सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर 10 किलोच्या बाळाचा जोर 140 किलोच्या वजनाइतका होतो. तेवढं ओझं कुठल्याही आईच्या हातात राहणार नाही, तिचं बाळावर कितीही प्रेम असलं तरी. आणि आईनंही बेल्ट लावलेला नसेल, तर बाळ पुढच्या सीटच्या पाठीवर आदळतं आणि त्याच्यावर आईचं सगळं वजन येतं. मागचा माणूस सुटला की पुढचाही धोक्यात येतो, कारण तो त्याच्या सीटवर मागून येऊन पडतो. 2002 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात जपानमधल्या अपघातांचा अभ्यास छापून आला होता. मागचा प्रवासी बेल्टशिवाय असेल तर पुढं बेल्ट लावून बसलेल्याचा मृत्यूचा धोका जवळजवळ पाचपट होतो, असं त्यात दिसलं. म्हणजे मागं बेल्ट लावण्यात बाबांचाही जीव आहे.

आता प्रत्यक्ष गाडीकडं वळू. गेल्या पावसाळ्यात आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एका शेजारणीच्या गाडीत मी मागचे बेल्ट शोधायला बसले. गाडी चार वर्षांची होती. तीनही बक्कलं रेक्झिनच्या कव्हरखाली गाडली गेली होती. कव्हर बसवणाऱ्यानं वरून ताणून शिवलं होतं, आणि चार वर्षांत कुणाला त्यांची गरज पडली नव्हती. आम्ही सीटच्या फटीत बोटं घातली. डावीकडचं बक्कल निघालं, उजवीकडचं कात्रीनं कव्हर थोडं कापून मोकळं केलं. मधल्याच्या खाचेत खारे शेंगदाणे आणि बिस्किटांचा चुरा अडकला होता, त्यामुळं क्लिप आत जाऊन ‘टक’ असा आवाज होत नव्हता. तुमच्याही गाडीत आज संध्याकाळी एवढं करून बघा. क्लिप खाचेत घाला, आवाज ऐका, मग जोरात ओढून बघा. सुटली तर ती लागलीच नव्हती. बेल्टचा पट्टा पूर्ण बाहेर काढून बघा, कडा उसवल्या असतील किंवा झटका दिल्यावर पट्टा अडकत नसेल तर सर्व्हिस सेंटरला दाखवा. मोठ्या धडकेत ताणला गेलेला बेल्ट वरून चांगला दिसला तरी पुन्हा वापरू नये.

बेल्ट लावला की काम झालं असं नाही, तो अंगावर कुठं बसतो ते महत्त्वाचं. कमरेची पट्टी पोटावर नको, खाली कमरेच्या हाडांवर हवी. खांद्याची पट्टी मानेपासून दूर, खांद्याच्या मधोमध, छातीवरून तिरकी. आपल्याकडच्या अनेक गाड्यांत पुढच्या बेल्टला धडकेच्या क्षणी ढील ओढून घेणारी यंत्रणा असते, मागच्याला नसते. त्यामुळं मागं बसणाऱ्यानं ढील स्वतःच्या हातानं काढायची. जाड जॅकेट काढा, बेल्ट लावा, कमरेची पट्टी खाली दाबा आणि खांद्याकडची पट्टी वर ओढा. साडी नेसलेल्या आजींनी पदर आणि निऱ्यांचा गुच्छ पट्टीखाली अडकवू नये. पदर मोकळा करून पट्टी थेट कमरेच्या हाडांवर घ्यावी. गर्भवती असाल तर पट्टी पोटाखालून घ्या. मान दुखते म्हणून खांद्याची पट्टी काखेखालून घेणं अनेकींना सोयीचं वाटतं, पण मग धडकेचा जोर बरगड्यांवर येतो. त्यापेक्षा थोडं आत सरकून बसा, म्हणजे पट्टी खांद्यावर येते.

आणि पाय पसरून घसरून झोपू नका. घसरलं की कमरेची पट्टी पोटावर चढते, आणि धडकेत शरीर तिच्याखालून पुढं निसटतं. मग हाडांवर यायचा तो जोर आतड्यांवर आणि यकृतावर येतो. रात्री उशिरा लोणावळ्याहून परतताना मुलं हमखास अशीच झोपतात. त्यांना उठवून नीट बसवायला कंटाळा येतो हे मला ठाऊक आहे, पण एवढं करा.

हेडरेस्टचा विषय तर घरात निघतच नाही. आरशात मागचं दिसायला अडतं म्हणून अनेक जण मागची हेडरेस्ट काढून डिक्कीत टाकतात. आपल्या रस्त्यावर त्याची गरज काय ते सांगते. सुटीच्या दिवशी जुन्या महामार्गावर लोणावळ्याच्या अलीकडं वलवणपर्यंत गाड्यांची रांग लागते. पाऊस, धुकं, रांगेत अचानक ब्रेक, आणि मागची गाडी तुमच्यावर येऊन आदळते. अशा धडकेत सीट शरीराला पुढं ढकलते, पण डोकं क्षणभर मागंच राहतं आणि मान मागं झटकली जाते. डोक्याला मागून आधार असेल तर हा झटका कमी होतो. त्यासाठी हेडरेस्टचं वरचं टोक निदान डोक्याच्या वरच्या पातळीजवळ यावं आणि डोक्यामागची फट चार-पाच सेंटीमीटरपेक्षा फार नको. मानेच्या पातळीला थांबलेली हेडरेस्ट मान मागं वळवायला टेकू देते, तिचा उपयोग उलटा. दांड्याजवळचं बटण दाबून ती वर ओढता येते का बघा. अनेक गाड्यांत मागची हेडरेस्ट सीटला जोडूनच घडवलेली असते, आणि मधल्या जागेला तर नसतेच. उंच माणसाला तिथं बसवू नका.

आता एक घर घ्या. बाबा, आई, आजी, सात वर्षांची मुलगी आणि सव्वा वर्षाचं बाळ, तळेगावहून लोणावळ्याला. गाडी छोटी, मागं तीन जागा. आजी पुढं बसाव्यात असं माझं मत आहे. नव्या गाड्यांत पुढचा बेल्ट आणि एअरबॅग अधिक विकसित असतात, आणि उतारवयातल्या नाजूक बरगड्यांना त्याचा फायदा होतो. मागं एका खिडकीजवळ बाळाची खुर्ची, शक्य तितके दिवस मागच्या बाजूला तोंड करून, निदान सव्वा वर्षापर्यंत तरी. दुसऱ्या खिडकीजवळ मुलगी, उंची वाढवणाऱ्या बूस्टरवर. साधारण 145 सेंटीमीटर उंची होईपर्यंत मोठ्यांचा बेल्ट मुलांना नीट बसत नाही, पट्टी गळ्यावर आणि पोटावर येते. बूस्टरला तीन टोकांचा बेल्ट लागतो, म्हणून खिडकीच्या दोन्ही जागा मुलांना. आई मधे. तिथं फक्त कमरेचा पट्टा असेल तर तोही लावावा, कमरेच्या हाडांवर घट्ट. काहीही न लावण्यापेक्षा तो बरा, पण वरचा भाग पुढं वाकतोच, हे लक्षात ठेवा.

आणि मामा आयत्या वेळी ‘मी पण येतो’ म्हणाला तर? मांडीवर बसवायचं, अंग चोरून बसायचं, हे आपल्याकडं सहज चालतं. चालू नये. एका बेल्टमध्ये दोन माणसं बसवली तर धडकेत ती एकमेकांवर आदळतात. मामाला तळेगाव स्टेशनवर सोडा. पुणे-लोणावळा लोकल वडगाव, कान्हे, कामशेत, मळवली करत लोणावळ्याला जाते, आणि एकविरेला जायचं असेल तर मळवलीलाच उतरता येतं.

कायद्याचंही सांगून टाकते. मागच्या सीटवरही बेल्ट लावणं बंधनकारक आहे. 14 वर्षांखालचं मूल बेल्ट किंवा मुलांच्या खुर्चीशिवाय असेल तर हजार रुपये दंड आहे. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर आता कॅमेरेही आहेत. पण दंडाच्या भीतीनं पट्टा नुसता खांद्यावर टाकला जातो, त्याचा काही उपयोग नाही.

एक गैरसमज गाडी घेताना होतो. ‘पाच स्टार मिळालेत’ म्हणून आपण निश्चिंत होतो. ऑक्टोबर 2023 पासून लागू झालेल्या ‘भारत एनकॅप’च्या पहिल्या नियमावलीत समोरून धडकेच्या चाचणीत मोठ्यांच्या गुणांसाठी पुढं बसवलेल्या पुतळ्यांचा विचार होतो. मागं खुर्चीत लहान मुलांचे पुतळे असतात, आणि मुलांसाठीचे स्टार वेगळे छापलेले असतात. तेव्हा शोरूममध्ये दोन्ही आकडे विचारा. मग स्वतः मागं, मधल्या जागेवर बसा. तिथं तीन टोकांचा बेल्ट आहे का, हेडरेस्ट वर येते का, मागचा बेल्ट ढील ओढून घेणारा आहे का, मागच्यांनी बेल्ट लावला नाही तर सूचना वाजते का, हे विक्रेत्याला विचारा. जुनी गाडी घेत असाल तर मागचे तिन्ही बेल्ट स्वतः लावून बघा, आणि कव्हर बसवून घेताना बक्कलांसाठी भोकं सोडायला सांगा.